चौदाव्या मजल्याची चक्कर

नांदेडच्या 'नभांगण' टॉवरमध्ये माणसाची पत मजल्यावरून ठरते. खालच्या मजल्यावरचे लिफ्टसाठी थांबतात आणि वरच्यांसाठी लिफ्ट थांबते. चेअरमन किशनराव तेराव्यावर राहतात आणि चौदाव्यावर रामलिंग. सगळ्यांच्या वर एकालाच राहता येतं म्हणून दोघांचं फारसं पटत नाही, पण वरच्या मजल्याचा भाव पडू नये याबाबत मात्र दोघं सख्खे भाऊ.

हिंगोलीकडच्या भूकंपाचा पहाटे धक्का बसला, तेव्हा जुन्या गावातली एकमजली घरं खडखडली. मांडणीवरचे डबे पडले, माणसं लुंगीवर रस्त्यात आली. 'नभांगण'च्या वरच्या मजल्यावर निम्म्यांची झोपसुद्धा मोडली नाही. दुसऱ्या दिवशी किशनरावांनी गेटवर बोर्ड लावला: 'भूकंपातही निश्चिंत'. आणि जो त्यात हलला नाही तो कधीच हलणार नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत झाली. आपल्याकडं एकदा नापास न झालेल्या पोराला हुशार म्हणतात, तसंच हे.

या बोर्डाकडं बघून चौदाव्यावर राहायला आल्या साखराबाई, रामलिंगची आई. त्या औसा तालुक्यातल्या. त्र्याण्णवच्या भूकंपात, पहाटे, दगडमातीच्या घराखाली त्यांची सासू आणि धाकटी लेक गेली. रामलिंग तेवढा अंगणात झोपलेला होता म्हणून राहिला. त्या कधी याबद्दल बोलत नाहीत. फक्त भिंतीला टेकून कधी झोपत नाहीत, आणि लोकांनी तेवढ्यावरून त्यांचं सगळं ओळखलं आहे.

झालं ते एका दुपारी. लाइट गेलेली होती. रामलिंग दुकानात, सून पुनम शाळेत शिकवायला. साखराबाई हॉलमध्ये खाली बसून तुरीची डाळ निवडत होत्या. बंद पंख्याचा दांडा डोलायला लागला. धक्का नाही, आवाज नाही. पंखा इकडं गेला, थांबल्यासारखा झाला, तिकडं गेला. मग थोडा जास्त. मग आणखी जास्त. सुपातली डाळ आपोआप एका कडेला सरकली. देव्हाऱ्यातली घंटा वाजली. त्र्याण्णवला जमिनीनं गदागदा हलवलं होतं. हे तर कुणी पाळणा हलवावा तसं होतं, आणि पाळणा काही थांबेना.

त्या जिन्यानं पळाल्या. आठव्या मजल्याजवळ त्यांच्या अंगावरून कुणीतरी धडाधडा पुढं गेलं. एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. किशनराव होते ते. "सरका, सरका मावशी!" एवढंच म्हणाले.

खाली पोचून साखराबाई ओरडल्या, "भाएर या रे! बिल्डिंग हलून राहिली!"

खाली दुकानांसमोर चार जण चहा पीत होते. त्यांनी कपाकडं बघितलं. चहावर साय तशीच होती.

"कुठं हलली मावशी? टपरीसुद्धा हलली न्हाई."

"तुमचं त्र्याण्णव साल अजून संपंना व्हय?"

लोक हसले. किशनराव घाम पुसत त्यांच्यात जाऊन उभे राहिले होते. तेही हसले. बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच.

संध्याकाळी बातमी आली. शेकडो मैल लांब, पार पश्चिमेला, मोठा भूकंप झाला होता. मग तर निकालच लागला. "टीव्हीवर बघितलं असंल, आन् चक्कर आली." दुपारी लाइट नव्हती, टीव्ही कसा बघणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आलं असेल तर त्यानं ते बोलून दाखवलं नाही. त्याच दुपारी गच्चीवर पाणीच पाणी झालेलं दिसलं. किशनरावांनी वॉचमन मडिवाळप्पाला झापलं, "मोटार चालू ठेवून झोपलास." मडिवाळप्पा म्हणाला, "साहेब, लाइटच नव्हती, मोटार कशी चालू ऱ्हाईल?" वॉचमननं बरोबर असणं हा उद्धटपणा असतो, त्याला पुन्हा झापलं.

साखराबाई वर जाईनात. पार्किंगमध्ये वॉचमनच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. लोक गाडी लावता लावता बघायचे. रामलिंगनं त्यांना आधी चकरेच्या डॉक्टरकडं नेलं, मग डोक्याच्या. दुसऱ्यानं गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की साखराबाई कुठंही झोपायच्या, भिंतीला टेकूनसुद्धा. घरच्यांनी त्याला गुण आला म्हटलं.

अशात बुद्धप्रिया आली. इमारतींची तपासणी करणारी स्ट्रक्चरल इंजिनिअर, लातूरची. तिला बोलावलं होतं किशनरावांनीच, हिंगोलीच्या धक्क्यानंतर, बोर्डाखाली लावायला एक सर्टिफिकेट पाहिजे म्हणून. तिनं गच्चीवर हातभर पेटी ठेवली. वाऱ्यानं, वाहनांनी इमारत डोळ्याला न दिसेल इतकी हलतच असते. ती स्वतःच्या कोणत्या चालीनं हलते ते पेटी सांगते. पाण्याच्या टाक्यांची झाकणं सरकलेली बघून ती मडिवाळप्पाकडं आली. त्यानं मोटारीची गोष्ट सांगितली आणि खुर्चीकडं बोट दाखवलं.

साखराबाईंनी पंखा सांगितला, डाळ सांगितली. "पयले थोडं, मंग वाढतच गेलं. आसं कुठं आसतंय व्हय? येडीच म्हनतील ना."

"आसंच असतंय मावशी," बुद्धप्रिया म्हणाली.

वॉचमनची बायको केवळाबाई आत कणीक मळत होती. बुद्धप्रियानं तिच्याकडून एक गोळा मागून घेतला, खराट्याच्या दोन काड्या घेतल्या, एक वीतभर आणि एक हातभर. दोन्हींच्या टोकाला बटाट्याची फोड खोचली, काड्या कणकेत रोवल्या, आणि गोळा पाटावर दाबला.

"ही आखूड म्हणजे तुमचं गावाकडचं घर. ही लांब म्हणजे नभांगण."

तिनं पाट भराभर, जरासाच हलवला. आखूड काडी थरथरली. लांबडीची फोड जागची हलली नाही.

"हा हिंगोलीचा. जवळचा, छोटा, भराभर. लांब काडीला डोलायला वेळ लागतो. ती एका बाजूला निघायच्या आत पाट मागं आलेला असतो."

मग तिनं पाट सावकाश हलवला. आखूड काडी पाटाबरोबर गपगुमान गेली आणि आली. लांब काडी डोलायला लागली. प्रत्येक खेपेला जास्त. फोड निखळून केवळाबाईच्या मांडीवर पडली.

"अगं बया!" केवळाबाई म्हणाली.

"पाट तेवढाच हलवला. जास्त न्हाई. प्रत्येक इमारतीची स्वतःची एक चाल असते. उंच आणि लवचीक असली की संथ. हिचा एक झोका जायला-यायला दीड सेकंदाच्या आसपास. लांबून मोठा भूकंप आला की भराभर हादरे वाटेतच विरून जातात, संथ तेवढे पोचतात, आणि बराच वेळ येत राहतात. त्यांची चाल हिच्या चालीला जुळली की प्रत्येक हेलकावा आधीच्यात भर घालतो. झोक्याला वेळेवर ढकलल्यासारखं. खाली जमीन इतकी थोडी, इतकी सावकाश हलते की चहाच्या कपाला कळत न्हाई. वर टाकीतलं पाणी हिंदकळून बाहेर येतं."

साखराबाईंनी केवळाबाईच्या मांडीवरची फोड उचलून पुन्हा काडीला खोचली.

"म्हंजी पडंल का?"

"डोलली म्हणजे पडली असं न्हाई. डोलू शकते म्हणून तर मोडत न्हाई. पण किती डोलणं झेपेल ते तपासायला पाहिजे. वर लोकांनी हॉल मोठे करायला विटांच्या भिंती काढल्यात, त्यानं ती आणखी लवचीक झाली. हे बघायलाच पाहिजे. आन् पुन्हा डोलली तर जिन्यानं पळायचं न्हाई. काचेपासून लांब, टेबलाखाली बसायचं, थांबेस्तोवर."

"म्हंजी मी खोटी न्हाई."

"न्हाई मावशी."

"तेवढं माझ्या लेकाला सांग, बाई. दुसरं काई नगं मला."

तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. रामलिंगला समजायला काडीसुद्धा लागली नाही. माणूस हुशार, आपल्या हॉलची भिंत त्यानंच काढलेली. त्यानं एकदा पंख्याकडं बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. रविवारी गिऱ्हाईक येऊन राहिलं. अहमदपूरचं. आम्ही ह्यो फ्लॅट देऊन टाकावा म्हणतो."

"मग त्यांना सांगा."

"असं बघा. बिल्डिंग हलती म्हटलं तर छप्पन्न घरांचं नुकसान. आईला भास होत्यात म्हटलं तर एकट्या आईचं. आन् आईचं काय, ती घरचीच हाय."

बुद्धप्रियानं रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं: इमारतीची चाल, टाक्यांचं पाणी, काढलेल्या भिंती, संथ हादऱ्यांसाठी पुन्हा तपासणी. शनिवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये किशनरावांनी त्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं: 'इमारतीला सध्या कोणतीही इजा दिसत नाही.' टाळ्या झाल्या. बुद्धप्रिया उठली, "पुढचं वाचा ना." किशनराव म्हणाले, "टेक्निकल हाय मॅडम, लोकांना कळायचं न्हाई." लोकांनी माना डोलावल्या. आपल्याला कळत नाही हे इतक्या आनंदानं कबूल करणारी सभा नांदेडात दुसरी झाली नसेल.

तेव्हा मागून साखराबाई बोलल्या. "किशनराव, आठव्या मजल्यावर तुमी माझ्या अंगावरून गेलात. एक चप्पल व्हती पायात. तुमी का पळत व्हता?"

किशनराव रामलिंगकडं बघत राहिले. दोघांमध्ये त्या क्षणी जे ठरलं ते इतकं सख्ख्या भावांसारखं होतं की दोघं कधी भांडले होते यावर विश्वास बसू नये.

"मी त्या दिवशी लोह्याला होतो," किशनराव म्हणाले.

साखराबाईंनी लेकाकडं बघितलं. रामलिंग उठला, आईचा दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, मायेनं म्हणाला, "आई, दुपारची गोळी घेतली न्हाई व्हय आज?"

साखराबाईंनी त्याच्या हाताकडं बघितलं. त्र्याण्णवला अंगणातून उचललेल्या पोराचा हात होता तो.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "चल, घेते."

त्या लिफ्टनं वर गेल्या. बोर्ड गेटवर तसाच राहिला; खाली सर्टिफिकेट म्हणून ते एक वाक्य फ्रेम करून लावलं.

रविवारी अहमदपूरचे लोक आले. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. रामलिंगनं गॅलरीतून गोदावरी दाखवली. "आमची आई हिथंच राहती. विचारा तिला."

"कसं हाय मावशी वर?" बाईनं विचारलं.

"लई झाक. वारं येतंय," साखराबाई म्हणाल्या. रामलिंगच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. तो पाहुण्यांना बेडरूम दाखवायला घेऊन गेला. पुनम चहा ठेवायला गेली.

पाहुण्यांची म्हातारी पंख्याखाली बसली होती. साखराबाई तिच्या शेजारी सरकल्या.

"त्या दांड्याकडं ध्यान ठेव," त्या हळूच म्हणाल्या. "डोलायला लागला की जिन्यानं पळू नगं. टेबलाखाली बस. लई डोलतंय, मंग थांबतंय."

म्हातारीचे डोळे मोठे झाले. "काय सांगता! मंग लेकाला सांगते की."

साखराबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"नगं, बाई. गोळ्या देत्यात."