पालथा ट्रान्झिस्टर

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनत. नव्या बोर्डाचं सर्किट देविकाने काढलं होतं आणि तपासलं होतं शेषाद्रींनी, तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाने. संगणकाच्या नियम-तपासणीत एकही चूक निघाली नव्हती. तरी बनून आलेल्या चाळीसपैकी एकाही बोर्डावर पंप चालू करणारा रिले ओढत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेषाद्रींनी ट्रान्झिस्टरच्या कंपनीचं माहितीपत्रक, म्हणजे डेटाशीट, आणि सर्किट शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. "सर्किटमधल्या ट्रान्झिस्टरच्या चिन्हात एक नंबरच्या पायाला एमिटर आणि दोनला बेस दिलाय. खरं त्याच्या उलट आहे. म्हणून बोर्डावर पाय सोल्डर होतात त्या पॅडवरही उलटंच गेलं."

देविकाचा चेहरा उतरला. "मग तपासणीत कसं नाही आलं, सर?"

"ट्रॅकमधलं अंतर बरोबर आहे का, जोडण्या सर्किटप्रमाणे आहेत का, एवढंच ते बघतं. सर्किटच चुकलं तर त्याला काय कळणार? मलाही नाही कळलं, अम्मा." हाताखालच्या मुलींना ते मायेने असंच म्हणत.

नवे बोर्ड यायला दोन आठवडे लागले असते. शेषाद्रींनी एका बोर्डावरचा तीन पायांचा ट्रान्झिस्टर काढून त्याच जागी पालथा ठेवला. एका बाजूचा एकटा पाय आपल्या जागी राहिला, समोरच्या दोघांची अदलाबदल झाली. पालथं केल्याने वर आलेले पाय त्यांनी सोल्डरने पॅडला जोडले. वीज देताच रिले ओढला.

दोघांपैकी कुणी हसलं नाही. अजून एकोणचाळीस बाकी होते. ते संपेपर्यंत देविकाची मान आखडली. मग तिने संगणकावर ते चिन्ह दुरुस्त करायला घेतलं. शेषाद्री मांबलमला घरी जायची लोकल सोडून देऊन तिच्याजवळ बसले आणि डेटाशीटमधला प्रत्येक नंबर मोठ्याने वाचत राहिले.