डावीकडचा आकडा

आई गेल्यावर तिलेक बिश्केकची नोकरी सोडून नारीनला आला, तेव्हा त्याचं दुःख कुठेतरी बाहेरच राहून गेलं होतं. तो जेवत होता, झोपत होता, दुकानात बसत होता, एवढंच.

दुकान वडिलांचं, असनकुलचं. पीठ, तांदूळ, तेल, साखर. दिवसभर कामाला असलेली उमसुनाई एजे, म्हणजे उमसुनाईताई, गिऱ्हाईक बघे आणि प्रत्येक विक्रीची चिठ्ठी लिहून खिळ्याला टोचे. संध्याकाळी असनकुल त्या चिठ्ठ्या वहीत उतरवी. त्यावर गल्ला ताडून बघायचं काम आईचं. आई गेल्यावर ते कुणीच केलं नाही. पैसे डब्यात साठत आणि दर सोमवारी बँकेत जात.

वसंतात वहीप्रमाणे पाहिलं तर कोठारात पीठ बरंच कमी भरलं. असनकुलने उमसुनाईवर चोरीचा आळ घेऊन तिला घरी पाठवलं. अठरा वर्षं काम केलेल्या बाईने फक्त ॲप्रन काढून खुर्चीवर ठेवला. तिलेक तिथेच उभा होता. त्याला काहीच वाटलं नाही.

मग असनकुल म्हणाला, "सगळी वही कॉम्प्युटरवर घे. कितीला बुडलो ते तरी कळू दे."

तिलेकने एकेक ओळ भरायला घेतली. वही म्हणजे सावळागोंधळ होता. कुठे किलोच्या जागी पोती, कुठे एकतीस नोव्हेंबर, कुठे तेलाच्या बाटलीवर एक शून्य जास्त. असल्या चुका चिठ्ठी बघून दुरुस्त होत होत्या. दुरुस्त केलेल्या प्रत्येक ओळीसमोर तो मूळ आकडाही ठेवत गेला.

सगळ्यात वेगळी एक ओळ हिवाळ्यातली होती. एका दिवसात पीठ, तांदूळ, तेल एवढं गेलं होतं की ते खरं वाटेना. त्याने ती खोडायला घेतली आणि तारीख पाहिली. आईच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण. बापाने घरचाच माल स्वतःला पूर्ण भावाने विकल्याचं लिहिलं होतं. तिलेकने ओळ तशीच ठेवली. वेगळी होती, पण चूक नव्हती.

नंतर त्याने नग गुणिले भाव आणि लिहिलेली रक्कम यांचा मेळ घातला. आई गेल्याच्या पुढच्या आठवड्यापासून ओळीच्या ओळी जुळेनात. चिठ्ठीवर पिठाची सोळा पोती, तेहेतीस हजार सहाशे सोम. वहीत सहा पोती, तीन हजार सहाशे. चिठ्ठीवर बारा हजार सहाशे, वहीत दोन हजार सहाशे. माणूस चुकतो तो इकडेही चुकतो, तिकडेही. इथे मात्र प्रत्येक वेळी डावीकडचा आकडाच गळाला होता.

बँकेचा भरणा त्याने चिठ्ठ्यांशी लावून पाहिला. सोमवारमागून सोमवार जुळत गेला. पैसा गेलाच नव्हता. पीठ विकलं गेलं होतं, फक्त वहीत उतरलं नव्हतं.

दुपारी जेवताना त्याने चहाची वाटी बापाच्या डाव्या हाताशी ठेवली. असनकुलने ताटातला उजवीकडचा भात संपवला, डावीकडचा तसाच सोडला आणि विचारलं, "चहा नाही केलास?"

"केलाय, बाबा. तिथेच आहे."

"कुठे?"

तिलेकने वाटी उजवीकडे सरकवली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या उजव्या भागात लहानसा झटका येऊन गेलाय, काही महिने झाले असावेत. डोळे ठीक आहेत, डावीकडे लक्षच जात नाही. पुढचा झटका टाळायला गोळ्या दिल्या. वाचताना-लिहिताना कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढा म्हणाले, आणि ती दिसेपर्यंत नजर मागे न्यायची सवय लावा.

परतताना असनकुल गाडीत बसला. मग म्हणाला, "आधी उमसुनाईकडे घे."

ती दारातच उभी राहिली. असनकुलने टोपी काढली. "चूक माझ्या हातची होती. बोल तुला लावला."

"मी चिठ्ठ्या दाखवत होते," ती म्हणाली. "तुम्ही बघितल्याच नाहीत, असनकुलदादा."

"बघितल्या गं. दिसल्या नाहीत."

तिने दोघांना आत घेतलं, चहा दिला, पाव तोडून पुढे ठेवला. दुकानात मात्र परत यायची नाही म्हणाली. बेकरीत काम लागलं होतं, आणि गल्लीतल्या बायका अजून तिच्या पिशवीकडे बघत होत्या. असनकुलने मान हलवली. त्याच आठवड्यात तो गल्लीतल्या घरोघरी जाऊन चूक आपली होती हे सांगून आला. वाटेत डाव्या बाजूचं एक दार राहिलं, तेव्हा तिलेकने त्याला खांद्याला धरून वळवलं.

आता चिठ्ठ्या तिलेक लिहितो आणि वही असनकुलच. गल्ला रोज ताडला जातो. नवी वही आली की तिलेक पट्टी घेऊन बसतो आणि पानामागून पान लाल रेघ ओढत जातो. असनकुल शेजारी बसून विचारतो, "आईने काही ओळखलं असतं का रे?"

"पहिल्याच संध्याकाळी," तिलेक म्हणतो, आणि पान उलटतो.