टेंगळाची बाटली

वकीलबाई उभी राहिली. समोर न्यायाधीशबाई, टेबलावर डिंकाच्या दोन बाटल्या आणि मागच्या बाकावर खुद्द तिचे बाबा! बावीस वर्षं बाबांचा डिंक याच बाटलीतून विकला जात होता. आता दुसऱ्या कारखान्याने हुबेहूब तशीच बाटली काढली होती आणि गिऱ्हाईक आपला डिंक समजून त्यांचा घेऊन जात होतं. आज त्या बाटलीला तात्पुरती मनाई मिळाली नाही, तर निकाल लागेपर्यंत बाबांची ओळखच पुसली जाणार होती.

तिने बाटलीच्या वाकड्या मानेपासूनच सुरुवात केली. बाबांना त्या मानेचा कोण अभिमान! शाळेतल्या पोरासारखे ते ताठ बसले.

विरुद्ध बाजूच्या वकिलांनी शांतपणे एक जुनी जाहिरात पुढे सरकवली. 'वाकडी मान, शेवटचा थेंबही वाया जात नाही!' बाबांनीच हौसेने लिहिलेली.

"मान उपयोगाची आहे, हे तुमचेच शब्द," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "उपयोगाचा आकार ट्रेडमार्क म्हणून एकट्याला कायमचा देता येत नाही. तो कुणीही वापरावा."

बाबांचा चेहरा पडला. तिने कागद भराभर उलटले. बाबांची लाज झाकायला एक प्रतिज्ञापत्र तिने गठ्ठ्याच्या तळाशी सारलं होतं. आता कसली लाज!

"मान सोडली, मॅडम! बाटलीचा खांदा बघा. दोन्हींवर टेंगूळ आहे."

"त्याने पकड घट्ट बसते," समोरचे वकील घाईने म्हणाले.

"तिथे बोट पोचतच नाही! उलट लेबल चुरगळतं. साचा बनवणाऱ्या कारागिराने लिहून दिलंय की, त्याची कानस घसरली आणि साच्यात खळगा पडला. बाबांना साचा बदलायचा होता. पण दुकानदारांची प्रतिज्ञापत्रं वाचा. गिऱ्हाईक नाव घेतच नाही, 'टेंगळाची बाटली द्या' म्हणतं. यांनी आमची चूकसुद्धा उतरवली, मॅडम! वर तेच निळं झाकण, तोच पिवळा पट्टा!"

न्यायाधीशबाईंनी दोन्ही बाटल्यांच्या खांद्यांवरून अंगठा फिरवला. समोरचे वकील अशिलाकडे बघू लागले आणि अशील छताकडे.

आदेश तिथेच झाला. वाकडी मान सगळ्यांना मोकळी. पण टेंगूळ, निळं झाकण आणि पिवळा पट्टा असा एकत्र पेहराव प्रतिवादीने निकालापर्यंत वापरायचा नाही.

बाहेर येताच तिने आनंदाने बाबांचा हात गच्च धरला. बाबा मात्र कोड्यात पडले होते.

"म्हणजे माझी अक्कल सगळ्यांची, आणि चूक तेवढी माझी एकट्याची?"

"हो, बाबा."

बाबा इतक्या जोरात हसले, की पट्टेवाला धावत आला आणि दोघांनाही गप्प राहायला सांगून गेला.