पुलाची नवी तारीख

देवळाच्या मंडपात अभियंता गौरेश उभा राहिला. "पंधरा डिसेंबरला पूल होणार नाही. कारखान्याने पाठवलेल्या तुळयांचं वेल्डिंग चाचणीत नापास झालं. नव्या तुळया जानेवारीअखेर येतील. मग जोडणी आणि वजनाची चाचणी. वीस फेब्रुवारीला पूल खुला होईल. तोवर रोज सकाळी सहाला आमची होडी सुटेल."

"कारखानेवाल्यांकाच खाडी पोवून येवक लावा रे!" मागून कोणी तरी ओरडलं. हसू फुटलं नि विझलं.

कमलाक्षी उठली. तिच्या नवऱ्याला, शंभूला, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी म्हापशाला न्यावं लागे.

"पुता, सहाक ओहोटी आसली तर होडी चिखलात रुतता. मगे ह्यांका कसे नेवचे?"

गौरेशने हातातला कागद पाहिला. त्यात ओहोटीच्या वेळा नव्हत्याच. "चुकलंच माझं, मावशी."

त्याने पुजाऱ्यांकडून पंचांग मागितलं. सकाळी सहाला ओहोटी येते त्या तिथी कमलाक्षी सांगत गेली, तो खुणा करत गेला. त्या त्या दिवशी पहाटे पाचला जीप येईल, शंभूला लांबच्या रस्त्याने नेईल, असं त्याने फोनवर ठरवूनच टाकलं.

मग तो मंडपातल्या फलकावर खडूने लिहिलेली पुलाची जुनी तारीख पुसू लागला.

"पुसू नको," ती म्हणाली. "खाली नवी लिही. किती उशीर झालो, ता सगळ्यांका दिसांदे."

त्याने लिहिलं, आणि शेजारी आपला नंबरही.