प्रभुलालांची दुरुस्ती

राजकोटच्या प्रभुलाल वेगडांनी बत्तीस वर्षं वीज मंडळात काढली. बिल विभागात. पण विजेचा विषय निघाला की ते ‘आम्ही मंडळातले’ म्हणून सुरुवात करत, आणि घरात कुणी पुढे बोलत नसे.

त्यांची सून ऊर्मी रोटी मेकरवर रोटल्या करायची. एके दिवशी रोटली खालून भाजलेली आणि वरून कच्ची निघाली.

“बापुजी, दुरुस्तीच्या दुकानात रसीलाबेनकडे दाखवून आणू का?”

“मी आहे ना घरात.”

ऊर्मी बाजारात गेल्यावर त्यांनी मशीन उघडलं. आत एक छोटा स्क्रू दिसला. तो त्यांनी दीड वळसा पिळला. मग चालू करून पाहिलं, तर खालच्या तव्याचं तापणं थांबेना. रोटली कोळसा झाली आणि पीठ तव्याला चिकटून बसलं. तेव्हा त्यांनी मशीन नळाखाली धरलं, तारेच्या घासणीने घासलं, पुसून जागेवर ठेवलं आणि वर्तमानपत्र वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊर्मीने बटण दाबलं आणि घरभराची वीज गेली. ब्रेकर वर केला की पुन्हा पडे.

“पीठ फार सैल भिजवतेस तू,” प्रभुलाल म्हणाले.

तरी ते तिच्याबरोबर दुकानात गेले. रसीलाबेनने मीटर लावला आणि तळाचं झाकण काढलं. आतून चार थेंब टेबलावर पडले.

“अंघोळ कुणी घातली याला? पाणी आत गेलं, करंट बॉडीत उतरतोय. ब्रेकर पडला हे तुमचं नशीब. तव्याचा नॉनस्टिक थरही खरवडलाय. कोमट असताना ओल्या मऊ फडक्याने पुसायचं, एवढंच असतं.” तिने टॉर्च मारला. “आणि थर्मोस्टॅटचा स्क्रू कुणी पिळला? आता हा वेळेवर बंदच होणार नाही.”

प्रभुलाल भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

“माझ्याच हातून झालं असेल बेन,” ऊर्मी म्हणाली. “घाईत असते मी.”

तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रभुलालांना ते फार लागलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तिने नाही,” ते म्हणाले. “मी केलं. सगळं मीच.”

“तुम्ही मंडळातले ना, काका?”

“बिलं छापायचो.”

रसीलाबेन तोंडाला पदर लावून बराच वेळ हसली. मग तिने बिजागरीतून जाणारी वायर ओढून दाखवली. रोज उघडमीट करून ती आत तुटली होती. वरचा तवा थंड राहायचा तो त्यामुळे. मूळ बिघाड एवढाच. “ही मी बदलते, स्क्रूही जागेवर आणते. पण आधी मशीन दोन दिवस वाळू दे. खालचा तवा मात्र नवा घ्या.”

“दोन दिवस रोटल्यांचं काय?” प्रभुलालांनी विचारलं.

“तवा आहे, लाटणं आहे,” ऊर्मी म्हणाली. “लाटते मी, भाजा तुम्ही. पीठ सैल वाटलं तर सांगा.”

संध्याकाळी गॅससमोर उभे राहून प्रभुलालांनी अकरा रोटल्या भाजल्या. त्यांतल्या चार फुगल्या, आणि त्या चारही त्यांनी ऊर्मीच्या ताटात वाढल्या.