सहा वाट्या तेल

कापसानं खुशालरावाचं डोकं फिरवलं, असं जयवंताबाई उघड म्हणत असे. खुशालराव गावचा पाटील, ती त्याची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आली आणि अकोटाजवळच्या त्या घराचा चुलखंड तिनं असा ताब्यात घेतला की भाऊसुद्धा विचारल्याशिवाय भाकर उचलत नसे. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपली, इकडं काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि खुशालरावानं मुंबईहून काचेची हंडी आणवली. दिवा लावून छताला टांगायची होती ती. पण माडीला आकडाच नव्हता, म्हणून हंडी कोनाड्यात पडून होती.

आता त्याला अकोल्याच्या कापूस खरेदीच्या साहेबाला जेवायला बोलवायचं सुचलं. सोबत गावोगावचे पाटील, मिळून चाळीस पानं. नुसतं वरण-पुरणाचं जेवण असतं तर जयवंतेनं हसत रांधलं असतं. पण खुशालरावानं साहेबाच्या बंगल्यावर एकदा कच्चा पाला खाल्ला होता आणि तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच शब्द होता, सालाड.

"पाला आपण बैलाले टाकतो, खुशाल," ती म्हणाली.

"बैलाच्या पाल्यात तेल-सिरका नसते, बाई."

पाला मनकर्णाबाई माळणीनं साहेबाकडूनच बी आणून आपल्या वाफ्यात लावला होता. हिवाळ्याची थंडी होती, पानं कोवळी आणि कुरकुरीत आली होती. कसं करायचं ते सांगायला आदल्या दिवशी साहेबाचा गोव्याकडचा खानसामा अंतोन येऊन गेला. त्यानं दोन माणसांपुरता वाडगा करून दाखवला. मीठ आधी सिरक्यात, म्हणजे आंबवलेल्या आंबट पाण्यात, विरघळवलं, कारण तेलात मीठ विरघळत नाही. मग तीन चमचे विलायती गोडं तेल, एक चमचा सिरका, चांगलं फेटून पानांवर ओतलं आणि हातानं हलकं कालवलं. "जेवायला बसताना कालवा," एवढं बजावून तो गेला. "आधी कालवाल तर पाला मरून जाईल."

जयवंता लांबून बघत होती. सिरका म्हणजे दारूचाच भाऊ असणार असं तिचं ठाम मत होतं, त्यामुळं चव घ्यायचा प्रश्नच आला नाही.

जेवणाच्या दिवशी खुशालराव स्वतः मापं घ्यायला बसला. चमच्यानं मोजत बसणं त्याच्या पाटीलकीला शोभेना. दहा चमच्यांची एक वाटी त्यानं ठरवली. दोन माणसांना तीन चमचे, तर चाळिसांना साठ, म्हणजे सहा वाट्या तेल. इथवर हिशोब चोख होता. मुंबईहून आलेलं विलायती गोडं तेलही बरोबर सहाच वाट्या भरलं.

"आता सिरका," तो म्हणाला. "अंतोननं तेल किती टाकलं? तीन. सिरका किती? एक. म्हणजे सिरका तेलाहून दोन कमी. सहातून दोन गेले, चार वाट्या."

जयवंतेला काहीतरी खटकलं. पण तिचे हात पुरणात होते, आणि भावाला हिशोब शिकवायला हात मोकळे लागतात.

खुशालरावानं कोनाड्यातली हंडी उतरवली, अचलपूरच्या पिंपातला काळपट-तांबूस सिरका चार वाट्या तिच्यात ओतला, मीठ घालून ढवळलं, वरून तेल टाकलं आणि ताकाची रवी घेऊन घुसळायला बसला. हंडी पंगतीत फिरवायची म्हणजे साहेबाला काचेतून दिसेल, असा त्याचा बेत होता. वासानं जयवंतेच्या नाकातून पाणी आलं.

"चाखून पाय," ती म्हणाली.

"तू चाख."

"मी काहून चाखू? तूच केलं ना ते कालवण."

शेवटी तिनंच मनकर्णाबाईच्या टोपलीतलं एक पान घेतलं, हंडीत बुडवलं, डोळे मिटून देवाची माफी मागितली आणि तोंडात टाकलं. पहिल्यांदा तिला वाटलं दात पडले. मग घसा जळला, आणि नंतर कानाच्या मागं घाम आला. दारू अशी असेल तर लोक पितात कशाला, हाही विचार येऊन गेला.

"खुशाल, हे साहेबाले देशील तर तो कापूस सोडून तुलेच मुंबईले धाडेल."

खुशालरावानं चाखलं. त्याच्या मिशा थरथरल्या, पण तो म्हणाला, "जरा आंबट आहे."

"दोन कमी म्हणे," जयवंता हात धुऊन त्याच्यासमोर बसली. "अंतोनचे असे दोन वाडगे कर मनातल्या मनात. तेल किती झालं?"

"सहा चमचे."

"सिरका?"

"दोन."

"मग आता किती कमी?"

खुशालरावानं बोटं मोजली, पुन्हा मोजली. "चार," तो हळूच म्हणाला. "म्हणजे सहा वाट्यांले दोनच पायजे होता. आता आणखी सहा वाट्या तेल टाकतो. जवसाचं आहे आपल्याकडं."

"जवसाचं तेल घालशील तर साहेब गाडीच्या चाकासारखा वास मारत अकोल्याले जाईल. आणि पाला तेवढाच आहे, दुप्पट कालवण ओतशील तर पोहत राहील बापुडा."

गोडं तेल अकोल्याला साहेबाच्या बंगल्यावरून आणायला वेळ नव्हता. साहेबाची गाडी वेशीपाशी आल्याची वर्दी आली होती. खुशालराव पटका काढून डोकं खाजवत बसला, आणि पैसा आल्यापासून पहिल्यांदाच तो जयवंतेला आपला धाकटा भाऊ वाटला.

तिनं रवी उचलून बाजूला ठेवली. "आता हात लावू नको त्याले. रस्स्यावर तेल येतं तसं हेबी येईल."

दोघं काचेसमोर बसून राहिले. गढूळ कालवणात हळूहळू थेंब एकमेकांना भेटू लागले, वर सोनेरी साय जमली, खाली तांबूस पाणी निवळलं. साहेबाची गाडी दाराशी थांबली तरी जयवंता हलली नाही. "जा, त्याले पान-सुपारी दे, म्हशी दाखव," तिनं भावाला हाकललं.

मग तिनं पळीनं वरचं तेल अलगद दुसऱ्या भांड्यात काढलं. तळच्या सिरक्यातून दोन वाट्या तेवढ्या मोजून घेतल्या. त्यातलं मीठ चाखलं, तर अर्धं मीठ उरलेल्या सिरक्यात राहिलेलं, म्हणून चिमूटभर घातलं. पानं वाढायच्या वेळेला तेल-सिरका फेटून मोठ्या परातीतल्या पाल्यावर थोडं थोडं ओतत तिनं हातानं कालवलं. एक पान चाखलं. आंबट होतं, पण चावता येत होतं.

उरलेल्या दोन वाट्या फेकायचं तिच्या जिवावर आलं. तिनं कांदे चिरले, हिरव्या मिरच्या ठेचल्या आणि तो सगळा सिरका त्यावर ओतला.

पंगतीत पाटील मंडळींनी पाला बोटानं बाजूला सारला. एकानं तर शेजाऱ्याला विचारलं, जेवण संपलं की गोठ्यात जायचं आहे काय. कांदा मात्र त्यांनी तीनदा मागून घेतला. वेगळ्या पाटावर बसलेल्या साहेबानं दोन वेळा सालाड घेतलं आणि मागं उभ्या अंतोनकडं मान हलवली. खुशालराव असा फुलला की जणू पाला त्याच्या अंगावरच उगवला होता.

"कोणी बनवलं?" अंतोननं विचारलं.

"आमी घरच्यांनी," खुशालराव म्हणाला. स्वयंपाकघराच्या दाराआडून जयवंतेनं खाकरून घेतलं, तेव्हा त्यानं पुढं जोडलं, "बाईनं बनवलं. माप माह्यं होतं, अर्धं."

सगळे गेल्यावर अर्धीअधिक परात उरली होती. तेल-सिरक्यानं पानं मलूल पडली होती. जयवंता आणि मनकर्णाबाई चुलीपाशी भाकर घेऊन बसल्या.

"खाऊन पाय," जयवंता म्हणाली.

मनकर्णाबाईनं भाकरीत पाला गुंडाळून घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. "माह्या वाफ्यातला आहे म्हणून खाऊन राहिली," ती म्हणाली.

जयवंतेनं तिच्या भाकरीवर आणखी पळीभर वाढला.