खुळखुळ्याची चांदी

सराफाने खुळखुळा कानाशी हलवला तशी धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. रात्री कपाटात बंद असतानाही तो वाजायचा. आई शेजारी गाढ झोपलेली असायची. कुणाला सांगावं तर वेड्यात काढतील, म्हणून ती गप्प होती. आईसाठी ठेवलेल्या नर्सचा पगार थकला होता, तो विकायला ते निमित्त बरं मिळालं.

"घासला नाहीत हे छान केलंत," सराफ म्हणाला. "लोक चकचकीत करून आणतात आणि स्वतःच्या हाताने किंमत घालवतात. हा कारागिराचा शिक्का बघा. मी मोडीचा भाव देणार, म्हणजे वजन, चांदीचा कस, त्यातून आटवताना होणारी घट वजा. घडणावळीचा एक पैसा नाही. जुन्या वस्तूंचा व्यापारी अख्खा घेईल, कितीतरी जास्त देईल. आधी त्याला दाखवा."

"आणि तुम्हीच घेतलात तर?"

"कापावा लागेल. आतले खडे चांदीच्या भावात कसे धरू? पण ताई, एकदा कापला की मोडच. मग कोणताही व्यापारी हात लावणार नाही."

व्यापाऱ्याकडे जायचं म्हणजे आणखी एक रात्र तो घरात. कुणीतरी हौसेने तो काचेच्या कपाटात मांडणार आणि तो तिथेही वाजणार. नर्सचे चार-सहा महिने सहज निघाले असते, हे कळत होतं. पण भीतीपुढे हिशेब चालेना.

"कापा," ती म्हणाली.

सराफाने भिंगातून खुळखुळ्याचा पोकळ गोळा न्याहाळला. "हा आधी कुणीतरी उघडलाय. कथलाचा डाख मारून परत जोडलाय." त्याने करवत लावली. गोळा दुभंगला आणि कागदावर दात पडले. दुधाचे, इवलेसे, पिवळे पडलेले.

थोरलीचे. हा खुळखुळा जिचा होता, त्या धाकटी जन्मायच्या आधीच गेलेल्या बहिणीचे. आईने तिला इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आपण तिला करवतीखाली घातलं. धाकटीला ढसाढसा रडू आलं.

सराफाने तिला पाणी दिलं. मग तिच्यासमोर काटा शून्यावर आणून गोळ्याच्या दोन्ही वाट्या आणि खुळखुळ्याची दांडी तोलली, कस सांगितला, घट सांगितली. सगळं चोख होतं. नर्सचा एक महिना कसाबसा निघाला. दात तिने पदरात बांधून घेतले.

घरी आई खुळखुळा शोधत उशीखाली चाचपत होती. हाताला काही लागेना, तशी रिकामी मूठच हलवू लागली. "थोरली बोलत का नाही गं?"

धाकटीने दात ओंजळीत घेतले, दोन्ही तळवे घट्ट मिटले आणि आईच्या कानाशी हलवले. हलकासा, मऊ आवाज आला. आईने कान देऊन ऐकलं. मग तिने धाकटीचा हात बाजूला सारला.

"ही आपली थोरली नाही," आई म्हणाली. "हिला तिच्या घरी सोडून ये."